घरात रोख किती, बँकेत किती? नागपूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

घरखर्चाबद्दल नागपूरचे वाचक जे विचारतात, त्यातले हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आधी साधे घेतले आहेत, अडचणीचे शेवटी. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरात नेमकी किती रोख ठेवावी? एकच आकडा सांगा.

सगळ्या घरांना लागू होईल असा आकडा नाही, पण तो काढायची रीत सगळ्यांना एकच लागू होते. बँकेपर्यंत किंवा चालू एटीएमपर्यंत पोहोचता येईल तोवर घर चालावं, एवढंच घरातल्या रोखीचं काम. अख्ख्या संकटाचा खर्च आलमारीत साठवायचा नसतो. म्हणून आधी दिवस ठरवा आणि रक्कम मागाहून काढा.

आम्ही चार दिवस धरतो (का, ते प्रश्न ३ मध्ये). चार दिवसांचा वरखर्च, महिन्यातून एकदा रोखीनेच द्यावे लागणारे पैसे आणि रात्रीबेरात्री दवाखाना गाठावा लागला तर पहिल्या रात्रीला लागणारी रक्कम, या तिन्हींची बेरीज करा. पगारदार कुटुंबात ती बहुतेक वेळा आठ ते पंधरा हजारांच्या मध्ये येते. तुमचा आकडा पन्नास हजारांवर गेला तर हिशेबात कुठेतरी भीती मिसळली आहे, किंवा तुमचा धंदाच रोखीचा आहे (प्रश्न १०).

२. एखाद्या घराचा हिशेब करून दाखवा ना.

नंदनवनमधलं एक घर घेऊ. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. महिन्याचा खर्च ४४,००० रुपये. त्यातला घराचा हप्ता, शाळेची फी, विजेचं बिल, मोबाइल आणि विम्याचा हप्ता थेट खात्यातून जातो. चार दिवस बँक बंद राहिली म्हणून यातलं काही अडत नाही, तेव्हा हे सगळं बाजूला ठेवायचं.

उरतो तो रोजचा खर्च. भाजी-फळं ३,६००, दूध २,७००, किराणा ७,५००, पेट्रोल आणि ऑटो मिळून ३,९००, आजींची औषधं १,८००. बेरीज १९,५००, म्हणजे दिवसाला ६५०. यातला बराचसा भाग एरवी यूपीआयने जातो, पण यूपीआय बंद पडलं की सगळा रोखीवर येतो, म्हणून तो पूर्ण धरायचा. चार दिवसांचे झाले २,६००. धुणंभांडी करणाऱ्या ताईंना महिन्याला २,४०० रोख द्यावे लागतात, ते धरून ५,०००. पहिल्या रात्रीसाठी आणखी ५,०००. या घराला १०,००० रुपये पुरतात.

प्रत्यक्षात या घरात साठ हजार होते. कपड्यांच्या घडीत काही, धान्याच्या कोठीत काही, आणि एकूण किती हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. जास्तीच्या पन्नास हजारांवर एफडीचे सहा टक्के धरले तरी वर्षाला तीन हजार रुपये सुटत होते. त्याहून मोठी अडचण अशी की चोरी झाली असती तर नेमकं काय गेलं हेही सांगता आलं नसतं. ते पन्नास हजार कुठे ठेवायचे, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. चारच दिवस का? दोन का नाही, पंधरा का नाही?

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्याला जोडून रविवार येतो. शुक्रवारी किंवा सोमवारी सण आला की सलग तीन दिवस शाखा उघडत नाही. अशा सुट्यांत एटीएमवर ताण येतो आणि वस्तीतलं एखादं रिकामं होतं. चौथा दिवस पैसे भरले जायला आणि रांग सरायला.

नागपूरचा अनुभवही हेच सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीपर्यंत शिरलं. वीज गेली, तळमजल्यावरच्या घरांत मोबाइल, गाड्या, आलमाऱ्या पाण्यात गेल्या. तो दिवस चौथा शनिवार होता. म्हणजे पाणी आलं नसतं तरी शाखा त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बंदच होत्या. मार्च २०२५ मध्ये महाल भागात हिंसाचार झाल्यावर शहराच्या बऱ्याच ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि काही भागांत ती २३ मार्चपर्यंत राहिली. बँक चालू होती, पण घरातून निघून तिथवर जाणं सोपं नव्हतं.

जुन्या, दाट वस्तीत राहत असाल किंवा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर सहा-सात दिवस धरा. पंधरा दिवसांची रोख मात्र कोणाला लागल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

४. भाजीवालाही क्यूआर कोड लावून बसतो. मग रोख हवीच कशाला?

कारण “ऑनलाइन बंद आहे” या एका वाक्यात तीन वेगळ्या अडचणी लपलेल्या असतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली, यूपीआयची यंत्रणाच अडते. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर असं झालं. अशा वेळी कोणत्याही बँकेचं यूपीआय चालत नाही, पण डेबिट कार्ड वेगळ्या मार्गाने जातं, त्यामुळे एटीएम आणि दुकानातलं मशीन बहुधा चालू असतं. इथे रोखीपेक्षा कार्डाचा पिन आठवणं कामाचं. यूपीआयची सवय लागल्यापासून अनेकांना तो आठवत नाही, आणि हे कळतं नेमकं एटीएमसमोर. आजच एकदा शंभर-दोनशे रुपये काढून बघा.

दुसरी, तुमच्या एकट्या बँकेची सेवा बंद असते. शेजाऱ्याचं चालतं, तुमचं अडतं. याला उपाय म्हणजे दुसऱ्या बँकेतलं खातं (प्रश्न ६).

तिसरी, वीज किंवा नेटवर्क गेलं आहे, किंवा तुमचा फोनच बंद पडला, हरवला, भिजला. इथे मात्र हातातली नोटच उपयोगी पडते. फोन गेल्यावर कार्डसुद्धा पूर्ण साथ देत नाही. स्टेट बँकेच्या एटीएममधून त्यांच्याच कार्डावर दहा हजार किंवा जास्त काढायला मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. नवा फोन घेऊन यूपीआय पुन्हा सुरू केलं तरी पहिल्या दिवशी साधारण पाच हजारांच्या पुढे पैसे पाठवता येत नाहीत. फसवणूक रोखायला ही मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे, फक्त आधी माहीत असावी.

नुसतं इंटरनेट नसेल आणि फोनला रेंज असेल तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *99# लावून थोडे पैसे पाठवता येतात. आधी एकदा करून पाहिलं नसेल तर घाईत ते जमत नाही.

५. रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर पाच हजारांत काय होतं?

दाखल करून घेताना मागितली जाणारी अनामत पाच हजारांत भागत नाही, आणि तिच्यासाठी ही रोख नाहीच. धंतोली-रामदासपेठेतले खाजगी दवाखाने कार्ड घेतात, यूपीआय घेतात. एरवी यूपीआयने दिवसाला एक लाख जातात, दवाखान्यासाठी ती मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे. पण तुमच्या बँकेने किंवा तुम्ही स्वतः ॲपमध्ये त्याहून कमी मर्यादा लावलेली असू शकते. ती आज तपासा.

पाच हजार लागतात ते त्याच्या आधी आणि आजूबाजूला. अँब्युलन्स किंवा ऑटो, तपासणीचे पैसे, बाहेरून आणायची औषधं, सोबत थांबणाऱ्याचं जेवण. मेडिकल किंवा मेयोत नेलं तरी बाहेरच्या दुकानातून काही ना काही आणायला लागतं. हे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्याच पाकिटात रुग्णाच्या औषधांची यादी, आधार कार्डाची आणि विमा कार्डाची झेरॉक्स ठेवा.

मोठं बिल रोखीने भरायचा विचार असेल तर एक नियम लक्षात घ्या. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. दवाखानेही त्यात येतात. म्हणजे “दवाखान्यासाठी म्हणून” घरात तीन लाख ठेवले तरी तिथे ते एकरकमी घेतले जाणार नाहीत.

६. मग उरलेला पैसा बँकेत कसा ठेवायचा? एकच खातं पुरत नाही का?

दोन खाती ठेवा, आणि ती दोन वेगळ्या बँकांत. एकाच बँकेच्या दोन शाखांचा उपयोग नाही, कारण सर्व्हर बंद पडला तर दोन्ही एकत्रच अडतात.

नंदनवनच्या त्या घराने असं केलं. चार महिन्यांचा खर्च म्हणजे १,७६,००० रुपये अडीअडचणीसाठी ठरवले. आलमारीतले जास्तीचे पन्नास हजार बायकोच्या नावे असलेल्या दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यात गेले. त्याचं डेबिट कार्ड रोख पाकिटाजवळ राहतं आणि पिन दोघांनाही पाठ आहे. उरलेले साधारण सव्वा लाख पगाराच्या बँकेत एफडीत ठेवले, पण एका मोठ्या पावतीऐवजी पंचवीस-पंचवीस हजारांच्या पाच पावत्या केल्या. पैसे लागले तर एकच पावती मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं. मोबाइलवरून केलेली एफडी बहुतेक बँकांत रात्रीही मोडता येते. शाखेत कागदावर केलेली तशी मोडता येतेच असं नाही, हे पावती करतानाच विचारून घ्या.

दुसरं खातं उघडून विसरू नका. दोन वर्षं तुम्ही त्यात काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं आणि नेमकं गरजेच्या वेळी केवायसीचे कागद मागितले जातात. दर दोन-तीन महिन्यांनी त्यातून पेट्रोलचे पैसे दिले तरी पुरतं.

७. वारंवार एटीएमवर गेलं तर पैसे कापतात. म्हणून एकदाच जास्त काढून ठेवलेलं बरं नाही का?

थोडा हिशेब करा. महिन्यात आपल्या बँकेच्या एटीएमवर पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत तीन, पण नागपूर त्या यादीत नाही, म्हणून इथे पाच. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो. त्यापुढे प्रत्येक वेळी २३ रुपये आणि त्यावर जीएसटीपर्यंत आकार लागू शकतो. आठवड्यातून एकदा काढणाऱ्याला तो लागतच नाही.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर पाच दिवसांत ती परत आली पाहिजे. त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. मशीनची पावती किंवा मेसेज जपून ठेवा.

८. कोणत्या नोटा ठेवायच्या? आमच्याकडे सगळ्या पाचशेच्या आहेत.

मग अडचणीच्या दिवशी खिशात पैसे असूनही भाजी मिळणार नाही. सगळं गाव एकदम रोखीवर आलं की सर्वांत आधी चिल्लर संपते. दहा हजारांची वाटणी अशी करा: पाचशेच्या दहा, दोनशेच्या दहा, शंभरच्या वीस, पन्नासच्या दहा आणि उरलेले पाचशे दहा-वीसच्या नोटांत. सुट्या नोटा शाखेतल्या कॅशियरकडे मागा. महिन्याच्या मध्यात, दुपारी गेलं तर सहसा मिळतात. गोकुळपेठ किंवा बुधवार बाजारातले ओळखीचे भाजीवालेही पाचशेची नोट घेऊन आनंदाने सुटे देतात, कारण संध्याकाळी त्यांच्याकडे सुट्या नोटांचा ढीग असतो.

९. माझे पैसे सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत आहेत. बंद पडली तर? यापेक्षा घरात ठेवलेले बरे?

ही भीती निराधार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. मार्च २०२० मध्ये येस बँकेत काही दिवस पन्नास हजारांची मर्यादा होती, म्हणजे मोठी खाजगी बँकही याला अपवाद नाही.

पण सहकारी बँक आणि पतसंस्था यांत मोठा फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या सहकारी बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. हे पाच लाख प्रत्येक ठेवीदाराला, एका बँकेतल्या सगळ्या शाखा, बचत, एफडी आणि व्याज मिळून. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी कायद्यात तरतूद आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही, तिचं नाव बँकेसारखं वाटलं तरी नाही.

विमा आहे म्हणजे पैसा बुडत नाही, पण ९० दिवस अडकतो. म्हणून अडीअडचणीचा सगळा पैसा एका बँकेत ठेवू नका (प्रश्न ६), आणि पतसंस्थेत तर त्यातला काहीच ठेवू नका. तिथे व्याज जास्त मिळतं हे खरं, पण हा पैसा व्याजासाठी नाही.

१०. माझं दुकान आहे, गल्ला रोखीचाच असतो. मला हा हिशेब कसा लागू होईल?

घराचे दहा-बारा हजार आणि दुकानाचा गल्ला यांची पाकिटं वेगळी करा, बाकी काही बदलत नाही. इतवारीतला व्यापारी असो की कळमन्यात संत्री विकून परतलेला शेतकरी, दोघांची अडचण एकच: आठवड्याचा पैसा घरात येतो आणि घरखर्चात मिसळतो. उद्याच्या खरेदीला लागतील तेवढे ठेवून बाकीचे दुसऱ्या दिवशी भरा. अनेक शाखांबाहेर पैसे भरण्याचं मशीन असतं, तिथे रांगही कमी.

एका दिवसात पन्नास हजारांवर रोख भरताना पॅन लागतो. बचत खात्यांत वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते. धंद्याचा पैसा चालू खात्यातच भरा, बायकोच्या बचत खात्यातून फिरवू नका.

११. घरात किती रोख ठेवता येते याची कायद्याने मर्यादा आहे का?

नाही. मात्र विचारणा झाली तर ती कुठून आली हे सांगता आलं पाहिजे. बँकेतून काढली असेल तर पासबुकातली नोंद पुरते. लग्नात आहेर आला असेल तर नावांची वही जपून ठेवा. प्लॉट विकताना घेतलेल्या, कागदावर नसलेल्या रकमेला मात्र कुठलाच पुरावा नसतो, आणि ती घरात ठेवा किंवा बँकेत भरा, उत्तर द्यावंच लागतं.

१२. बँकेच्या लॉकरमध्ये रोख ठेवली तर चालेल?

नाही. लॉकरच्या करारात रोख ठेवायला मनाई आहे. शिवाय रविवारी रात्री लॉकर उघडत नाही.

१३. नोटा भिजल्या, कुरतडल्या, वाळवी लागली. आता?

भिजलेल्या नोटा ओढून सोडवू नका. सुती कापडावर पसरून सावलीत, पंख्याखाली सुकू द्या. इस्त्री करू नका. सुकल्यावर ज्या सुट्या होतात त्या कोणत्याही बँकेच्या शाखेत, खातं नसलं तरी, बदलून मिळतात.

फाटलेल्या नोटेचं मोल सर्वांत मोठ्या सलग तुकड्यावर ठरतं. पन्नास आणि वरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काहीच नाही. पन्नासच्या खालच्या नोटेचा अर्ध्याहून जास्त भाग असेल तर पूर्ण किंमत मिळते. जळून कोळसा झालेल्या किंवा गठ्ठा होऊन चिकटलेल्या नोटा शाखा घेत नाही. त्या जशाच्या तशा डब्यात घालून सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्याव्यात. विदर्भातल्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही आपली मोठी सोय.

आईच्या जुन्या पर्समध्ये दोन हजारांच्या नोटा सापडल्या तरी याच कार्यालयात जा. १९ मे २०२३ ला त्या चलनातून मागे घेतल्या, पण रद्द झालेल्या नाहीत. त्या खात्यात जमा करता येतात. ओळखपत्र आणि खात्याचा तपशील सोबत न्या. पोस्टानेही पाठवता येतात. २०१६ च्या नोटबंदीतल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटांना आता किंमत उरलेली नाही.

१४. आई रोख बँकेत टाकूच देत नाही. तिच्या डब्यात किती आहेत तेही सांगत नाही.

तिच्या हातातली रोख काढून घेऊ नका. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याकडे पैसे मागून घर चालवलं, तिला तो डबा म्हणजे न विचारता खर्च करता येण्याची मुभा असते, आणि ती तिच्याकडे राहिलीच पाहिजे. तिच्याशी एवढंच ठरवा: डब्यात दहा-पंधरा हजारांपर्यंत राहतील, वरचे तिच्या एकटीच्या नावे असलेल्या खात्यात जातील आणि पासबुक तिच्याच जवळ राहील. दर तीन महिन्यांनी तिला सोबत नेऊन पासबुकात नोंदी छापून आणा. आकडा छापील दिसला की धास्ती बरीच कमी होते. आणि डबा कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला तिने सांगून ठेवावं, ते माणूस तिने निवडलेलं असावं.

१५. सगळे पैसे यांच्या नावावर आहेत. यांना काही झालं तर मला लगेच काढता येतील का?

खातं त्यांच्या एकट्याच्या नावे असेल तर मृत्यूची खबर मिळताच बँक ते थांबवते. तुम्ही नॉमिनी म्हणून नोंदलेल्या असाल तर मृत्यूचा दाखला, अर्ज आणि ओळखपत्र दिल्यावर रक्कम मिळते, पण त्याला दिवस जातात; मृत्यूचा दाखलाच हातात यायला वेळ लागतो. त्यांचं एटीएम कार्ड वापरून मधल्या काळात पैसे काढणं नियमात बसत नाही, आणि नंतर भावंडांत वाद झाला तर हीच नोंद तुमच्याविरुद्ध दाखवली जाते.

म्हणून घरखर्चाचं निदान एक खातं दोघांच्या नावे, “दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा” या अटीवर करा. मग एक गेल्यावर दुसऱ्याला त्यातले पैसे मिळायला वारस दाखल्याची वाट पाहावी लागत नाही. फॉर्मवर “दोघांनी मिळून” या चौकोनावर खूण झाली असेल तर मात्र दुसऱ्याच्या सहीवाचून पैसे निघत नाहीत. अनेक जुनी संयुक्त खाती अशीच आहेत आणि कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर ही अट छापलेली असते. नसेल तर शाखेत विचारा. दोघांची सही असलेल्या अर्जावर ती बदलून मिळते, आणि त्यासाठी दोघांनीही हयात असावं लागतं.